फक्त हात, वस्तू आणि आवाज: कॅमेऱ्याला लाजणाऱ्या क्रिएटरसाठी स्क्रिप्ट कशी बदलायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पुण्यात छोट्या क्रिएटर्ससाठी स्क्रिप्ट लिहिते. त्यातले बरेच जण सुरुवातीलाच सांगतात की "चेहरा दाखवणार नाही, बाकी काय म्हणाल ते करते". तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलंय, कसब्यातल्या एका ताईंचा कल्हईवरचा रील, कारण सुट्या सुट्या टिपा वाचून काही कळत नाही, एक स्क्रिप्ट आतून उघडून बघितली की कळतं.

स्क्रिप्ट आधीच लिहून तयार आहे. चेहऱ्याच्या जागी हात दाखवले की झालं ना?

नाही होत. लोक हीच गोष्ट करतात आणि मग पातेल्यावर उगाच फिरणारा एक हात आणि मागे अखंड बडबड असा व्हिडिओ तयार होतो. कॅमेऱ्यासमोर बोलण्यासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये निम्मं काम चेहरा करत असतो आणि ते कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. भुवया वर जातात तेव्हा बघणाऱ्याला कळतं की आता काहीतरी महत्त्वाचं येतंय, "हो ना?" म्हणताना मान हलते, एखादा विनोद नुसत्या डोळ्यांवर निभावून जातो. चेहरा काढला की ही सगळी कामं बेवारस होतात, आणि स्क्रिप्ट बदलणं म्हणजे त्यातलं प्रत्येक काम हाताकडे द्यायचं, वस्तूकडे द्यायचं, आवाजाकडे द्यायचं की सरळ उडवायचं हे ठरवणं.

मग सुरुवात नेमकी कुठून करायची?

प्रिंट काढा आणि पेन्सिल घ्या, मोबाईलवर हे नीट होत नाही. प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा, हे वाक्य चालू असताना हात काय करतोय? उत्तरात क्रियापद आलं पाहिजे. कलतं करतोय, घासतोय, ओततोय, झाकण काढतोय, काहीही. "दाखवतोय" हे उत्तर मी मोजत नाही कारण दाखवतोय म्हणजे हातात धरून नुसता उभा आहे.

ताईंच्या मूळ स्क्रिप्टची सुरुवात अशी होती:

"नमस्कार मंडळी! आज मी तुम्हाला खूप महत्त्वाची माहिती सांगणार आहे. आपल्या सगळ्यांच्या घरी आजीच्या काळातली पितळेची पातेली असतात, हो ना? पण तुम्हाला माहितीये का, कल्हई गेलेल्या पातेल्यात आंबट पदार्थ केला तर तो कळकतो? मला हे कळलं तेव्हा मी तर चाटच पडले! आधीच्या बायका किती हुशार होत्या बघा!"

आता पेन्सिल चालवा. नमस्कार मंडळी, हाताला काम नाही. खूप महत्त्वाची माहिती, काम नाही. आजीची पातेली, इथे निदान एक वस्तू आली पण हात अजून रिकामाच. चाटच पडले, हे पूर्ण चेहऱ्याचं वाक्य आहे, चेहरा नाही तर ते कोणाच्याच कामाचं नाही. आधीच्या बायका हुशार होत्या, हे मत आहे, त्याला वस्तू नाही. एवढ्या सगळ्या बोलण्यात हाताला पेलणारी गोष्ट एकच निघाली, कल्हई गेलेलं पातेलं आणि आंबट. बाकी सगळं उडवलं तरी माहिती एका अक्षराने कमी झाली नाही.

पण "नमस्कार" काढलं तर उद्धट नाही का वाटणार?

चेहरा हसत नमस्कार म्हणतो तेव्हा बरं वाटतं. पातेल्यावर मागून नमस्कार ऐकू आला की सोसायटीच्या मीटिंगची अनाउन्समेंट वाटते. आपुलकी आवाजात ठेवा, "हे बघा गं", "तुमच्याकडे पण असेल एखादं" अशा बोलण्यातून ती आपोआप येते.

दोन रकान्यांची स्क्रिप्ट कशाला? मी तर सरळ परिच्छेद लिहिते.

परिच्छेदात हात लपून राहतो म्हणून. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे हात आणि वस्तू, उजवीकडे आवाज. आणि आधी डावी बाजू पूर्ण भरा. हे सुरुवातीला फार विचित्र वाटतं कारण आपल्याला बोलणं सुचतं, हालचाल सुचत नाही. पण डावी बाजू भरून झाल्यावर ती एकटीच वरून खाली वाचून बघा, आवाज बंद असला तरी गोष्ट साधारण कळतेय का? कळत असेल तर मग आवाजाला फक्त तेवढंच बोलायचं उरतं जे डोळ्यांना दिसत नाही: कारण, चव, वास, गरम आहे की गार, काय करू नका. "आता मी चिंच घेतेय, आता मी ती घासतेय" हे बोलायची गरजच पडत नाही, ते दिसतंय की.

एक अपवाद आहे. एखादी वस्तू लोकांना बघून ओळखू येणार नसेल तर तिचं नाव पहिल्याच शॉटला घ्या. नवसागराचा खडा दाखवून गप्प बसलात तर अर्ध्या लोकांना ती तुरटी वाटेल.

बदललेली पूर्ण स्क्रिप्ट दाखवा ना.

घ्या. ही शेवटची आवृत्ती, ताईंनी जवळपास अशीच शूट केली.

हात: पातेलं आधीपासूनच फ्रेममध्ये आहे. दोन हात ते खिडकीकडे कलतं करतात, उजेड तळापर्यंत जातो.
आवाज: या पातेल्यात मी आज कढी करणार नाहीये.

हात: तर्जनी तळाच्या पिवळ्या डागाभोवती सावकाश एक चक्कर मारते आणि थांबते.
आवाज: बोट थांबेपर्यंत गप्प. मग: हा पिवळा भाग म्हणजे उघडं पडलेलं पितळ. बाकी राखाडी दिसतंय ती कल्हई, कथलाचा पातळ थर.

हात: शेजारी दुसरं, नवी कल्हई केलेलं पातेलं येऊन टेकतं. टेकल्याचा आवाज ठेवायचा.
आवाज: नवी कल्हई अशी असते. सगळीकडे एकसारखी, चंदेरी.

हात: पहिलं पातेलं उपडं. काळवंडलेल्या बुडावर भिजवलेली चिंच घासली जाते, वरून पाणी ओतलं की तेवढाच पट्टा उजळ दिसतो.
आवाज: चिंचेने पितळ उजळतं, कारण आंबट त्याचा वरचा थर विरघळवतं. बाहेरून झालं तर आपण खूश. आतून झालं तर ते सगळं कढीत उतरतं.

हात: ताकाची वाटी पहिल्या पातेल्याच्या काठापर्यंत येते, थांबते, मागे जाते आणि दुसऱ्या पातेल्यात रिकामी होते.
आवाज: त्यालाच ताक कळकलं म्हणतात. धातूची तुरट चव येते आणि मळमळतं.

हात: रिकामं पातेलं शेगडीवर. बोटं गॅसच्या बटणाला लागतात, थांबतात. आधी तांब्याभर पाणी ओतलं जातं, मग बटण फिरतं.
आवाज: कल्हईचं भांडं रिकामं तापवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, रिकामं भांडं तिथवर पटकन जातं.

हात: डाग पडलेलं पातेलं कापडी पिशवीत जातं, पिशवीचे बंद वर ओढले जातात.
आवाज: हे निघालं कल्हईवाल्याकडे. कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, एवढं विचारून घ्या.

संपलं. "लाईक करा शेअर करा" नाही, ताईंना ते म्हणायलाच लाज वाटत होती आणि मला त्यांचं पटलं.

यातला वाटी मागे घेण्याचा शॉट कशाला? सरळ दुसऱ्या पातेल्यात ओतायचं ना.

या स्क्रिप्टमधला माझा सगळ्यात लाडका शॉट तोच आहे. मूळ स्क्रिप्टमध्ये "मी तर चाटच पडले" होतं ना, चेहऱ्याची दचक, ती इथे आलीय. हात एखादी गोष्ट करायला जातो आणि मध्येच थांबतो, तेव्हा बघणारा पण थांबतो. हाताचे हावभाव म्हणजे वेगळं काही नसतं, वेग असतो. पटकन केलं, सावकाश केलं, करता करता थांबला, परत मागे आला. शेगडीच्या बटणावर बोटं थांबतात तिथे पण तेच आहे. पण हे एका रीलमध्ये दोनदाच करा. दर शॉटला हात अडखळायला लागला तर लोकांना वाटेल बाईंना काही करताच येत नाही.

विनोदाचं पण असंच. शाब्दिक विनोद आवाजात चालतो, तोंड वाकडं करून केलेला विनोद चालत नाही, त्याच्या बदली वस्तूची अदलाबदल करावी लागते. गंभीर आवाजात काही सांगताय आणि हात भलतीच वस्तू फ्रेममध्ये ठेवून जातो, हे छान जमतं.

शब्द किती असावेत? मूळ स्क्रिप्ट दीड मिनिटाची होती.

वरची स्क्रिप्ट मोजा, आवाजाचे शब्द नव्वदच्या आसपास आहेत आणि रील सव्वा मिनिटाच्या आसपास होतो. माझा ठोकताळा असा की मराठी व्हॉइसओव्हर आरामात ऐकायचा असेल तर सेकंदाला दोन शब्द, म्हणजे मिनिटाला १२०. त्यातून हाताची शांतता वजा करा. कॅमेऱ्यासमोर बोलताना वेग जिभेचा असतो, इथे हाताचा असतो. "चिंचेने पितळ उजळतं" बोलायला दोन सेकंद लागत नाहीत, पण चिंच खरोखर घासून पट्टा उजळायला अर्धं मिनिट जातं.

ती तफावत मिटवायला दोन रस्ते आहेत. एक, क्रिया कापून घ्या: घासायला सुरुवात, मग कट, मग पाणी पडून पट्टा दिसतो. दोन, घासण्याचा भाग तिप्पट वेगाने पळवा. मला पहिला आवडतो पण इथे आम्ही दुसरा घेतला, कारण कट केला की लोक कमेंटमध्ये म्हणणारच की मध्ये पावडर लावली असेल. पुरावा दाखवत असाल तिथे कट नको, हा माझा नियम आहे. बाकी ठिकाणी हवे तेवढे कट करा.

आवाज आधी रेकॉर्ड करायचा का शूटिंग आधी?

दोन्ही. आधी फोनवर कच्चा आवाज रेकॉर्ड करा, कुकरच्या शिट्टीसकट चालेल. मग तो एका कानात इअरफोनवर लावून त्याच्या तालावर हात चालवा. यामुळे बोट कधी थांबायचं, वाटी कधी मागे घ्यायची हे अंगात येतं, आणि कोणतं वाक्य हाताला पुरत नाही ते शूटिंगच्या आधीच कळतं. शूटिंग आणि एडिट झालं की चित्राकडे बघत पक्का आवाज द्यायचा. नुसतं शूटिंग आधी करून नंतर आवाज लिहायला बसलात तर आवाज चित्राच्या मागे धावतो आणि मग ते "तर मंडळी", "तर आता आपण काय करणार आहोत" असले भराव सुरू होतात.

शूट करताना प्रत्येक क्रियेच्या आधी आणि नंतर हात दोनेक सेकंद स्थिर ठेवा. एडिट करणारा दुवा देईल.

"हे बघा", "इथे", "असं" हे शब्द चालतात का?

बोट तिथे असेल तर चालतात, आणि आधी बोट पोचलं पाहिजे मग शब्द. उलटं झालं की बघणारा क्षणभर शोधत बसतो आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. म्हणूनच वर "बोट थांबेपर्यंत गप्प" असं स्क्रिप्टमध्येच लिहिलंय. ही गप्प राहण्याची जागा लिहिली नाही तर बोलणारा हमखास ती भरून काढतो.

जी गोष्ट दाखवताच येत नाही तिचं काय करायचं?

दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवा. चव, वास, मळमळ हे दिसत नाही पण आवाजाने सांगता येतं, आणि आवाजाने सांगितलं तर जास्त लागू पडतं. तिथे हाताला साधं काम द्या, नाट्य नको. कढी चाखून चमचा आपटायचा वगैरे आयडिया ताईंच्या भाचीने सुचवली होती, ती मी नम्रपणे नाकारली.

दुसरा प्रकार म्हणजे जे डोळ्यांनी ओळखताच येत नाही. कथलात शिसं मिसळलंय का हे घरी नुसतं बघून सांगता येत नाही. इथे मोह होतो की काहीतरी दाखवावं, कापडाने पुसून काळं येतंय का बघा वगैरे. ते करू नका. बघणारे हाताने केलेल्या गोष्टीवर बोललेल्या गोष्टीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात, त्यामुळे हाताने केलेली खोटी टेस्ट जास्त घातक. वरच्या स्क्रिप्टमध्ये शिशाचं वाक्य आलं तेव्हा हात फक्त पिशवीचे बंद ओढतोय, मुद्दाम.

चकचकीत भांड्यात माझाच चेहरा दिसतोय! आता?

हा प्रश्न येणारच होता. पितळेच्या पातेल्याचं पोट बाहेरून फुगीर असतं आणि फुगीर चकचकीत पृष्ठभागात अख्खी खोली मावते, तुम्ही, फोन, खिडकी, मागच्या खुर्चीवरचे कपडे, सगळं. कोन बदलून सुटका होत नाही कारण ते जवळपास सगळीकडचं पकडतं.

पहिला उपाय स्क्रिप्टमध्येच करायचा. ताईंच्या मूळ स्क्रिप्टचा शेवट घासून लखलखीत केलेल्या पातेल्याने होता, तो काढला आणि पिशवीचा शॉट टाकला. बुडाचा शॉट काळवंडलेल्या भागाचाच ठेवला आणि पट्टा एवढासाच उजळला. आतले शॉट बिनधास्त घ्या, वापरातली कल्हई तशी धूसर असते, चेहरा ओळखू येण्याइतका दिसत नाही. नवी कल्हई मात्र बऱ्यापैकी चमकते, तिच्यावर वाकू नका.

तरी बाहेरून दाखवायचंच असेल तर भांडं आणि तुमच्यामध्ये पांढरी चादर ताणून लावा, मधे लेन्सपुरतं भोक, खालून हात आत. भांड्यात मग सगळीकडे पांढरं दिसतं आणि भांडं उलट जास्त सुंदर दिसतं, दागिन्यांचे फोटो काढणारे हीच युक्ती करतात. अपलोड करायच्या आधी कॉम्प्युटरवर मोठं करून एकेक शॉट थांबवून बघा, फोनच्या स्क्रीनवर नाही दिसत. डाव, स्टीलचा ओटा, कुकरचं झाकण, गॅसच्या मागच्या टाइल्स, या सगळ्यांवर नजर टाका. आणि कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता! चेहरा झाकून पत्ता दाखवणारे बरेच बघितलेत.

फोन कुठे लावायचा?

तुमच्या डोळ्यांच्या जागी, म्हणजे हात फ्रेमच्या खालच्या बाजूने आत येतील. बघणाऱ्याला ते स्वतःचेच हात वाटतात. समोरून लावला तर हात वरून खाली लोंबताना दिसतात आणि डावं-उजवं उलटतं, शिकवण्याच्या व्हिडिओत तर फार गोंधळ होतो. भांड्याच्या आतलं दाखवताना सरळ डोक्यावरून घेतलं तर फोनची काळी सावली तळात पडते, थोडा तिरका ठेवा.

फोकस आणि उजेड लॉक करा, बहुतेक फोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की होतं. नाहीतर हात फ्रेममध्ये आला की चित्र गडद, गेला की उजळ, असं चालू राहतं.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे हलताना दिसत असतील तर त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यावर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मॅन्युअल मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. नसेल तर सकाळी खिडकीशी बसा. वाड्यातल्या खोल्यांमध्ये उजेड फार लवकर सरकतो, तेव्हा आतले शॉट आधी उरकून घ्या.

मला आवाजाची पण लाज वाटते. वाचल्यासारखं येतं.

वाचल्यासारखं येतं कारण लिहिल्यासारखं लिहिलंय. "कल्हईचा थर नष्ट झाल्यास आम्लधर्मी पदार्थांची धातूशी प्रक्रिया होते" हे कोणीही वाचलं तरी बातम्याच वाटणार. ताईंच्या बाबतीत मी असं केलं की त्यांना म्हटलं, बहिणीला फोन लावा आणि तिला कल्हईबद्दल सांगा, आणि फक्त तुमचा आवाज तुमच्याच बाजूने रेकॉर्ड करा. त्यात "मळमळतं", "आपण खूश" हे शब्द आपसूक आले आणि स्क्रिप्टमध्ये मी तसेच उचलले. आपल्याच तोंडचे शब्द परत म्हणायला लाज कमी वाटते.

वाक्य एका श्वासाचं ठेवा. जिथे जीभ अडते तिथे वाक्य बदला, परत परत टेक घेत बसू नका. कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून बोललात तर आवाज घुमत नाही, फोन वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, भ ला फुंकर माइकवर आदळत नाही. पंखा बंद. पेठेत राहत असाल तर रात्री साडेअकरानंतर, आणि गणपतीच्या दहा दिवसांत नादच सोडा.

हात थरथरतात हो.

मनगट किंवा कोपर ओट्यावर टेकवा, आणि स्क्रिप्टमध्ये वस्तू अधांतरी धरण्याच्या ऐवजी टेकवलेली, कलती केलेली, सरकवलेली ठेवा. वरच्या स्क्रिप्टमध्ये बहुतेक वेळ पातेलं कशावर तरी टेकलेलंच आहे, ते उगाच नाही.

बांगड्या, नेलपेंट, मेंदी?

काहीही चालेल, फक्त सगळे शॉट एकाच दिवशी घ्या नाहीतर अर्ध्या रीलमध्ये मेंदी आणि अर्ध्यात नाही असं होतं. भांडं टेकल्याचे, पाण्याचे आवाज ठेवणार असाल तर बांगड्या काढा, काचेच्या बांगड्यांची किणकिण त्या सगळ्यावर चढते.

स्क्रीनवर लिहायचं का?

कमी. उभ्या रीलमध्ये खालचा भाग आणि उजवी कड ॲपच्या बटणांनी आणि कॅप्शनने झाकली जाते, आणि हात तर खालूनच येतात, म्हणजे मोकळी जागा वरचा तिसरा भाग एवढीच. तिथे वाक्य नको, नाव किंवा आकडा लिहा. आम्ही फक्त "कथील: २३२° से." एवढंच लिहिलं, कारण ऐकलेला आकडा विसरतो. आवाजाची पूर्ण सबटायटल्स द्यायचीच असतील तर पातेलं फ्रेमच्या मध्यापासून किंचित खाली घ्या आणि ओळी वर टाका.

प्रत्येक स्क्रिप्ट अशी बदलता येते का?

नाही, आणि ते आधी सांगितलेलं बरं. पैशांवरून झालेलं भांडण, कोणाची माफी, एखाद्या विषयावर ठाम मत, हे लोकांना चेहऱ्याकडे बघून ऐकायचं असतं. हात दाखवून माफी मागितली की लपल्यासारखं वाटतं. आठवणींचं जमतं, पण त्या आठवणीतली खरी वस्तू हातात असेल तर, बाजारातून आणलेली सारखी दिसणारी नाही.

माझी चाचणी सोपी आहे. स्क्रिप्टमधल्या वस्तूंची यादी करा. तीनपेक्षा कमी निघाल्या तर विषय बदला किंवा तो लेख म्हणून लिहा, रील करू नका. कल्हईत दोन पातेली, चिंच, ताक, शेगडी, पिशवी एवढं सहज निघालं म्हणून ते जमलं.

कल्हई करतानाचा शॉट का नाही घेतला? तोच तर सगळ्यात भारी दिसला असता!

दिसला असता खरंच. भांडं तापतं, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथील टेकवलं की वितळतं आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलं की क्षणात सगळं चंदेरी. पण ते हात ताईंचे नाहीत. आवाज "मी" म्हणतोय आणि हात दुसऱ्याचे, तर बघणाऱ्याची गल्लत होते, आणि घरी हा धूर घेऊन प्रयोग करणारे पण निघतात. त्याचा वेगळा भाग करायचा ठरलंय, त्यात कल्हईवाल्यांचे हात आणि त्यांचाच आवाज, ताईंचा हात फक्त सुरुवातीला पातेलं देताना आणि शेवटी परत घेताना. कल्हईवाल्यांनी हो म्हटलंय, एकच अट घातलीय की त्यांचा पण चेहरा नको.